मंद तेलातला समोसा

नागपूरहून बैतूलकडे निघालं की पांढुर्णा लागतं, छिंदवाड्याकडे निघालं की सौंसर. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून मध्य प्रदेशात वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, पण नाश्त्याची रीत विदर्भाचीच राहिली. समोसा इथे चटणीबरोबर खातात, तसाच कुस्करून वर तर्री घालूनही खातात. ‘भाऊ, तर्री टाकून द्या’ असं गिऱ्हाईक म्हणालं की समोशाच्या पारीची परीक्षा सुरू होते. नीट तळलेली पारी रश्शात थोडा वेळ तरी आपला खस्तापणा टिकवते. घाईत तळलेली लगेच चामट होते आणि तिच्या घडीतलं कच्चं पीठ दाताला चिकटतं.

दोन्हींत मसाला एकच असू शकतो. फरक पडतो तेलाच्या तापाने.

पारी म्हणजे मैदा, मोहन आणि पाणी. अर्धा किलो मैद्याला साधारण सव्वाशे ग्रॅम तेल किंवा डालडा, दोन लहान चमचे मीठ आणि थोडा ओवा. मोहन मैद्याला इतकं चोळायचं की मूठ दाबली तर मुटका वळावा आणि बोटाने टोचला तर फुटावा. मग दीडशे-पावणेदोनशे मिलिलिटर पाणी लागेल तसं घालून घट्ट गोळा बांधायचा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचा. पीठ सैल झालं तर पुढे आच कितीही सांभाळली तरी फोड येतातच, कारण फोड उठवणारं पाणीच त्यात जास्त असतं.

एवढ्या पिठाच्या सत्तर ग्रॅमच्या अकरा लोया होतात. लांबट लाटून मधून कापल्या की बावीस समोसे. अर्ध्या पारीचा द्रोण करताना एक कड दुसरीवर चढते, आणि मसाला भरून तोंड मिटताना मागे एक चूण घालतात. तिथे पारी दुहेरी, कुठे तिहेरी होते. कच्चेपणा लपतो तो या चुणीत.

आता कढई. १८० अंशांच्या तेलात, म्हणजे भज्यांच्या तेलात, समोसा सोडला तर वरची कातडी पाहता पाहता वाळते आणि घट्ट होते. तिच्याखालच्या पाण्याची वाफ झालेली असते, तिला वाट मिळत नाही, म्हणून ती कातडी उचलते. तोच फोड. चार-पाच मिनिटांत रंग चढतो, झारा आत जातो आणि समोसा बाहेर येतो. चुणीतल्या पिठाला मात्र शिजायला आणि वाळायला वेळच मिळालेला नसतो.

१३०-१४० अंशांना पाणी सावकाश उडतं. बारीक बुडबुडे पारीभर सारखे निघत राहतात, कातडी झाकणासारखी घट्ट बसत नाही. मोहनाने पिठाचे कण एकमेकांपासून सुटे ठेवलेले असतात; ते तसेच वाळत जातात आणि पारीला खुसखुशीत पापुद्रे सुटतात. याला पंधरा ते वीस मिनिटं लागतात, आणि त्यातली पहिली दहा तरी समोसा पांढराच दिसतो. नवा कारागीर नेमका इथेच आच वाढवतो.

थर्मामीटर नसेल तर पिठाची वाटाण्याएवढी गोळी टाकावी. ती तळाशी बसून बारीक बुडबुडे सोडेल आणि पाच-सात आकडे मोजेपर्यंत वर येईल, तर तेल तयार. टाकताच उसळली तर तेल फार तापलंय; कढई उतरवून थांबावं. गोळी तळाशीच निपचित पडली तर तेल गार आहे. अशा तेलात समोसे तेलकट होतात, कडा सुटून मसाला बाहेर येतो. मंद म्हणजे गार नव्हे.

दुसरी चूक गर्दीची. गार समोसे पडले की तेल उतरतं. कढई लहान असेल तर बावीस समोसे तीन घाण्यांत काढावेत, आणि दुसरा घाणा टाकण्याआधी गोळी पुन्हा टाकून पाहावी, कारण पहिल्याच्या शेवटी तेल वाढत्या आचेवर असतं.

ही वाढती आच शेवटच्या दोन-तीन मिनिटांपुरतीच. बुडबुडे विरळ झाले, झाऱ्याला समोसा हलका आणि कडक लागला, की आच वाढवून बदामी रंग आणायचा. रंगाखेरीज तिचं आणखी एक काम आहे. आतून वाफ निघत असेपर्यंत तेलाला आत शिरणं कठीण असतं. समोसा निवू लागला की पारी वरचं तेल ओढून घेते. शेवटी तापलेलं तेल पातळ असतं आणि चटकन निथळतं, म्हणून समोसे गरम तेलातूनच काढून लगेच जाळीवर उभे ठेवून निथळायचे. परातीत एकावर एक रचले तर वाफेनेच मऊ पडतात.

वीस मिनिटांचा घाणा सकाळच्या गर्दीला परवडत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी समोसे आधी मंद आचेवर पांढरे तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की कडक तेलात रंगवून देतात. पहिली तळणी पूर्ण झाली असेल तर यात खोट नाही. ती झाली की नाही, हे बाहेरच्या रंगावरून कळत नाही. समोसा चुणीपाशी मोडावा. आत पांढरी ओलसर रेघ दिसली तर तर्री टाकायला सांगू नये.