दुधाचा फॅट वाढला, पण गाय खंगली

गाय विऊन वीस दिवस झालेत. डेअरीच्या पावतीवर फॅट 3.6 वरून 4.8 वर गेलेला दिसतो आणि गोठ्यात आनंद होतो. पण त्याच पावतीवर एसएनएफ घसरत असेल आणि गाईच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या असतील, तर हा फॅट चाऱ्यातून आलेला नाही. गाय स्वतःच्या अंगावरची चरबी वितळवून तो दुधात ओतते आहे.

याचं कारण साधं आहे. विल्यानंतर दूध पाचव्या ते सातव्या आठवड्यात शिखर गाठतं, पण गाईची भूक पूर्ण वाढायला दहा-बारा आठवडे लागतात. मधली तूट शरीर भरून काढतं. समजा, पाचशे किलोची संकरित होल्स्टीन गाय तिसऱ्या आठवड्यात 25 लिटर दूध देते. दुधासाठी आणि स्वतः जगण्यासाठी मिळून तिला रोज सुमारे 26 मेगाकॅलरी ऊर्जा हवी. मुरघास, हिरवा चारा आणि खुराक मिळून ती कोरड्या वजनाने 14 किलो खाते आणि त्यातून तिला 22 च्या आसपास मिळते. उरलेल्या चारासाठी ती रोज पाऊण किलोच्या आसपास वजन गमावते. आठ आठवड्यांत हे चाळीस किलोंवर जातं. अशा वेळी शरीर गर्भधारणेला मागे ढकलतं. इन्शुलिनची पातळी खाली राहते, बीजांडाला पिकवणारे संकेत कमी पडतात, माज उशिरा येतो किंवा मुका राहतो. आलाच, तरी गाय वारंवार उलटते.

मग खुराकात सरळ तेल का घालू नये? कारण साधं तेल कोठीपोटातल्या, चारा पचवणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतं आणि चाऱ्याच्या धाग्यांवर त्याचा थर बसतो. परिणामी चाराच पचत नाही. बायपास फॅट म्हणजे बहुधा पामतेलातल्या चरबीचा कॅल्शियमशी बांधलेला साबणासारखा क्षार. कोठीपोटात तो तसाच राहतो. चौथ्या कप्प्यातल्या आम्लात मात्र तो सुटतो आणि पुढे आतड्यात शोषला जातो. आपल्या गाईला रोज 300 ग्रॅम दिला, तर साधारण दीड मेगाकॅलरी मिळते. म्हणजे तूट चारावरून अडीचवर येते आणि वजनाची घट अर्ध्या किलोवर. तूट संपत नाही, आवाक्यात येते. शिवाय ही चरबी वाढलेल्या दुधात गेली, तर वजन तेवढं वाचत नाही, हेही ध्यानात असू द्या.

त्याची चव गाईला आवडत नाही. म्हणून विण्याच्या आठ-दहा दिवस आधी 50 ग्रॅमपासून सुरुवात करावी, खुराकात मिसळून हळूहळू वाढवावं आणि विल्यानंतर सुमारे 90 दिवस चालू ठेवावं. सगळ्या आहारातली मिळून चरबी कोरड्या वजनाच्या सहा-सात टक्क्यांवर जाऊ नये. त्यापुढे गाय चाराच कमी खाते आणि फायदा उलटतो.

प्रथिनांची गोष्ट वेगळी आहे, आणि फसगत इथेच होते. शेंगदाणा पेंडीतलं बहुतेक प्रथिन कोठीपोटातच फुटून अमोनिया बनतं. जिवाणूंना लागतो तेवढा ते वापरतात. उरलेल्याचं युरियात रूपांतर करण्यात यकृताची ऊर्जा जाते, आणि रक्तातला वाढलेला युरिया गर्भाशयाचं वातावरण बिघडवतो. म्हणून त्या पेंडीचा काही भाग काढून सरकी पेंड, मक्याचं ग्लुटेन किंवा प्रक्रिया केलेली बायपास प्रथिन पेंड द्यावी. एकूण प्रथिनांपैकी सुमारे 35 ते 40 टक्के भाग कोठीपोट ओलांडणारा असावा. मात्र तो वाढवताना ऊर्जा वाढवली नाही, तर आतड्यात पोचलेलं जादा प्रथिन दूध वाढवतं आणि ते वाढलेलं दूध पुन्हा चरबी वितळवतं. दूध वाढतं आणि गाय आणखी खंगते. नुसती प्रथिन पेंड वाढवून माजाची वाट पाहणारे गोठे याच फेऱ्यात अडकतात.

सुधारणा झाली की नाही, हे गाईच्या अंगावर दिसतं. विताना गाईचा बांधा पाच गुणांपैकी 3.25 ते 3.5 असावा आणि पुढे अर्ध्या गुणाहून जास्त घसरू नये. शेपटीच्या बुडाशी बोटं दाबून पाहा, आठवड्यातून एकदा छातीचा घेर टेपने मोजा आणि माजाच्या तारखा लिहून ठेवा. गाय खुराक सोडून नुसता चारा चघळू लागली, श्वासाला गोडसर वास येऊ लागला, तर तो किटोसिस असू शकतो. तेव्हा पिशवी बाजूला ठेवून आधी पशुवैद्यकाला बोलवा. आणि वितानाच लठ्ठ असलेली गाय विल्यावर आधी खाणं टाकते. तिची दुरुस्ती विल्यानंतरच्या पिशवीने होत नाही. ती दूध आटण्याआधीच्या महिन्यांत करावी लागते.