साक्षीपुराव्याआधीच नामंजूर

दिवाणी दावा म्हटला की कैफियत, मुद्दे, साक्षीपुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद अशी लांबलचक वाट डोळ्यांपुढे येते. काही दावे मात्र साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहण्याआधीच संपतात. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या सातव्या आदेशाचा अकरावा नियम न्यायाधीशाला तसा अधिकार देतो. वकील मंडळींच्या बोलण्यात तो ‘सेव्हन-इलेव्हन’. कोर्ट फी कमी भरली, यासारखी कारणेही त्यात आहेत, पण ती बहुधा निस्तरता येतात. खरी झुंज होते ती दोन कारणांवर. एक, वादपत्रात दाव्याला कारणच दिसत नाही. दुसरे, त्यातल्याच मजकुरावरून दावा एखाद्या कायद्याने अडतो, बहुतेकदा मुदतीच्या.

सुरतच्या एका जमिनीचा खटला या बाबतीत फार बोलका आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये त्याचा निकाल दिला. वादींनी २ जुलै २००९ रोजी जमिनीचे नोंदणीकृत खरेदीखत करून दिले होते. किंमत १ कोटी ७४ लाख २ हजार रुपये, ती ३६ धनादेशांनी मिळाल्याचा उल्लेख खरेदीखतातच होता. खरेदीदाराने २०१३मध्ये जमीन पुढे विकली. डिसेंबर २०१४मध्ये मूळ मालकांनी दावा लावला: आम्हाला फक्त चाळीस हजार मिळाले, बाकीचे धनादेश खोटे होते, सबब खरेदीखत रद्द करा.

ऐकायला हे भयंकर वाटते. पण न्यायाधीशाने या टप्प्यावर ‘हे खरे का?’ असा प्रश्न विचारायचाच नसतो. वादी म्हणतो ते सगळे खरे धरायचे आणि मग पाहायचे, की एवढे सिद्ध झाले तरी मागितलेले त्याला मिळू शकते का?

इथे ते मिळत नव्हते. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार किंमत दिलेली असो, अंशतः दिलेली असो किंवा नुसती देण्याचे कबूल केलेली असो, विक्री पूर्ण होऊ शकते. त्यामुळे उरलेले पैसे बुडाले, एवढ्यावरून खरेदीखत रद्द होत नाही. बाकी रकमेच्या वसुलीची वाट वेगळी असते. दावा तर रद्द करण्याचा होता.

शिवाय खरेदीखत रद्द करून घेण्याची मुदत तीन वर्षांची. ती सुरू होते रद्द करण्यास कारणीभूत असलेली हकिगत वादीला कळते तेव्हापासून. पुढच्या विक्रीचा कागद २०१४मध्ये हाती आला आणि तेव्हा दाव्यास कारण घडले, असा वादींचा पवित्रा होता. पण धनादेश वटला नाही हे विक्रेत्याला कळायला पाच वर्षे लागत नाहीत. वादपत्रातल्याच तारखा वादींच्या विरोधात बोलत होत्या. सुरतच्या न्यायालयाने वादपत्र नामंजूर केले आणि ते वरपर्यंत कायम राहिले.

१९७७मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले होते, की वादपत्र नुसते वरवर वाचू नका. चलाख मांडणीने दाव्याला कारण असल्याचा आभास उभा केला असेल तर तो दावा सुरुवातीलाच खुडा. सुरतच्या निकालाने तोच धागा पुढे नेला.

आता जरा वेगळे चित्र पाहा. बहीण वादपत्रात म्हणते, ‘भावाने माझा खोटा अंगठा उठवून वडिलोपार्जित जमीन विकली. गेल्या वर्षी सातबारा काढला तेव्हा मला कळले.’ खरेदीखत आठ वर्षांपूर्वीचे. भाऊ लगेच अर्ज देतो, की दावा मुदतबाह्य आहे, बहिणीला सगळे आधीपासून ठाऊक होते, ही पाहा तिला पाठवलेली नोटीस. ती नोटीस कितीही जोरकस असली तरी या टप्प्यावर निरुपयोगी. न्यायाधीश वादपत्र आणि त्यासोबतचे कागद वाचतो. प्रतिवादीची कैफियत किंवा त्याने पुढे केलेला बचाव वाचत नाही. बहिणीला केव्हा कळले हा पुराव्याचा प्रश्न झाला, तो साक्षीतच सुटणार. प्रतिवादीचे बरेच अर्ज इथेच आपटतात. माझ्या मते ते योग्यच आहे, नाहीतर खऱ्या फसवणुकीचे दावेही दारातच मरतील.

आणखी एक मर्यादा आहे. एका दाव्यात चार मागण्या असतील आणि त्यातली एक जरी टिकणारी असली, तरी याच नियमाखाली बाकीच्या तिघी छाटता येत नाहीत. वादपत्र जाते तर संपूर्ण जाते, नाहीतर संपूर्ण राहते.

नामंजुरीच्या आदेशाला कायदा हुकूमनाम्याचा दर्जा देतो, म्हणून वादीला थेट अपील करता येते. त्याच आदेशाचा तेरावा नियम आणखी एक दार उघडे ठेवतो: नामंजुरी झाली म्हणून त्याच कारणावर नवे वादपत्र आणायला आडकाठी नाही. कारण सांगायचे राहून गेले असेल, तर ते नीट मांडून पुन्हा येता येते. मुदतच उलटली असेल, तर मात्र नव्या कागदावरही तारीख तीच राहते.