प्रसूती रजेवरून परतताना: पत्रात काय हवं?

प्रसूती रजा संपवून बाई कामावर येते तेव्हा एचआर विभागाकडून तिला बहुधा एवढंच ऐकायला मिळतं, "सुरुवातीला थोडं लवकर निघत जा, आपण बघू." हे सगळे चांगल्या मनानेच बोलतात. पण दोन महिन्यांनी साहेब बदलतात आणि मग ‘थोडं लवकर’ म्हणजे किती वाजता, आणि ‘सुरुवात’ कधी संपली, हे सांगायला कोणी नसतं. म्हणून टप्प्याटप्प्याने परतण्याचं ठरलं की ते पत्रात उतरवून घ्यावं, आणि तेही रुजू होण्याच्या आधी.

पुण्यातल्या एका कंपनीतली लेखापाल डोळ्यांसमोर आणू. उदाहरण कल्पित आहे, हिशेब मात्र खरा. तिची २६ आठवड्यांची रजा १० फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाली, बाळ १० मार्चला झालं, आणि सोमवारी, ११ ऑगस्टला ती कामावर आली. बाळ तेव्हा पाच महिन्यांचं. कार्यालयाची वेळ दहा ते सहा.

कमी तास मागण्याचा हक्क आपल्या कायद्यात नाही. २०१७ च्या दुरुस्तीने रजेनंतर घरून काम करण्याची सोय आणली, पण तीही कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोघांचं जमलं तरच. त्यामुळे तासांचं कलम हा निव्वळ करार असतो आणि तो काटेकोर लिहावा लागतो. आपल्या लेखापालबाईंच्या पत्रात ते असं असेल: "११ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर दहा ते तीन, ८ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर दहा ते साडेचार, ६ ऑक्टोबरपासून पूर्ण वेळ." पगार तासांप्रमाणे कापायचा ठरला, तर महिना चाळीस हजारांच्या दराने पहिल्या टप्प्यात पंचवीस हजार आणि दुसऱ्यात साडेबत्तीस हजार बसतात. इथे एक वाक्य हमखास राहून जातं: "मूळ करारातला पगार व पद कायम असून ही कपात फक्त या आठ आठवड्यांपुरती आहे." ते नसेल तर पुढची पगारवाढ किंवा बोनस कापलेल्या आकड्यावर काढला जाण्याची भीती असते. कामही कमी केलं आहे का, हेही लिहावं. आठ तासांचं काम पाच तासांत उरकायचं असेल, तर पगार तेवढा कापला गेला आणि काम होतं तेवढंच राहिलं.

सगळ्यात मोठी गफलत दुधाच्या बाबतीत होते. "वरील आठ आठवड्यांत स्तनपान कक्ष वापरता येईल," असं वाक्य पत्रात असेल, तर ते खोडायला सांगावं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त रोज दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली ही तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. आपल्या उदाहरणात ही मुदत १० जून २०२६ पर्यंत जाते. तासांचा टप्पा ऑक्टोबरात संपला म्हणून ही सुट्टी संपत नाही. उलट पूर्ण दिवस सुरू झाला की तिची गरज वाढते, कारण दहा ते तीनमध्ये एकदा दूध काढून भागतं, दहा ते सहामध्ये बहुतेकींना दोनदा काढावं लागतं. वेळ चुकली तर छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, कधी ताप येतो, आणि हळूहळू दूधही आटतं.

कायद्यातली सुट्टी मूळात मूल जवळपास आहे असं धरून आखलेली आहे. पंप लावणं, दूध काढणं, पंप धुणं यात अर्धा तास सहज जातो, म्हणून पत्रात मिनिटं लिहावीत. खोलीबद्दलही "सोय केली जाईल" एवढं पुरत नाही. आतून कडी, खुर्ची, पंपासाठी प्लग, जवळ बेसिन, आणि फ्रीजमध्ये जागा, एवढं तरी हवं. काढलेलं दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत साधारण चार तासच टिकतं. आपल्या उन्हाळ्यात तेवढंही धरू नये. खोली बैठकांसाठी वापरली जाणार नाही, हेही लिहिलेलं बरं. कारण प्रत्यक्षात नेमकं तेच होतं. आणि स्वच्छतागृह म्हणजे स्तनपान कक्ष नव्हे.

उरली आढाव्याची तारीख. ती टप्प्याच्या शेवटच्या दिवशी ठेवली तर बदल करायला वेळच राहत नाही. इथे बुधवार, २४ सप्टेंबर योग्य ठरेल. बाळाला १० तारखेला सहा महिने झालेले, वरचं खाणं सुरू होऊन दोन आठवडे गेलेले, आणि साडेचारपर्यंत थांबणं कसं जमतं याचा अंदाजही आलेला. हा आढावा व्यवस्थेचा आहे, तिच्या कामगिरीचा नाही, असं पत्रात स्पष्ट असावं; नाहीतर त्याच बैठकीत चुकलेल्या नोंदींची यादी पुढे येते. बैठक कोण बोलावणार, त्याचं पद लिहावं. ती झालीच नाही तर काय, हेही: "आढावा होईपर्यंत चालू वेळा व पगार तसेच राहतील."

पत्राची एक प्रत तिच्या थेट वरिष्ठालाही जायला हवी, कारण पाच वाजताच्या बैठका तोच लावतो.