सात आठे किती?

तिसरीतल्या मुलाला सातचा पाढा म्हणायला सांगा. सात एके सातपासून सात दाहे सत्तरपर्यंत तो एका दमात, ठेक्यात जाईल. मग मध्येच विचारा, "सात आठे किती?" त्याचे ओठ हलू लागतात, बोटं मिटू लागतात. तो परत सात एके सातला गेलेला असतो आणि तिथून चढत चढत छप्पन्नपर्यंत येतो. त्याला पाढा पाठ आहे, पण एका अखंड दोरीसारखा. हवी ती गाठ मधूनच हाताला लागावी, हे काम म्हणण्याने होत नाही, त्यासाठी आधी वेगळी तयारी लागते.

आधी ओझं किती आहे ते पाहू. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार असतात. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे मुलांना लवकर येतात. शिवाय सात त्रिक आणि तीन साते एकच, हे कळलं की उरलेल्यांतलेही बरेच गळतात. असं करत खऱ्या कष्टाचे गुणाकार उरतात फक्त एकवीस. सातचा पाढा शेवटी घेतला, म्हणजे चार, आठ, तीन, सहा, नऊ झाल्यावर, तर त्यात एकच गुणाकार खरोखर नवा असतो: सात साते एकोणपन्नास. मी तरी हाच क्रम धरते. पुस्तकाच्या क्रमाने सात मध्ये येतो आणि मुलं उगाचच त्याची धास्ती घेतात.

सुरुवात टप्प्यांच्या मोजणीने करायची. त्यासाठी शंभर मण्यांची मणिमाळ उत्तम. तिच्यात दर दहा मण्यांनी रंग बदलतो. सात मणी मोजायचे आणि कपड्यांचा चिमटा लावायचा. पुढचे सात मोजले की दुसरा चिमटा. मुलं चिमट्यांवर बोट ठेवत म्हणतात: सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. अठ्ठावीसनंतर थांबवून विचारायचं, रंग बदलायला किती मणी उरले? दोन. मग तिसाच्या पुढे किती जायचं? पाच. म्हणून पस्तीस. हे दोन-आणि-पाच मुलाच्या हाताखाली घडायला हवं, कारण पुढे मणिमाळ नसताना दहाचा उंबरठा त्याला असाच ओलांडायचा आहे.

चुका इथेच सापडतात, आणि चुकलेलं उत्तर नुसतं खोडण्यापेक्षा ते बरोबर उत्तरापासून किती दूर आहे ते पाहावं. सात आठेला एखादा मुलगा पंचावन्न म्हणाला, तर त्याला मोजून दाखवायला सांगावं. बहुधा तो एकोणपन्नासावर बोट ठेवतो आणि त्यालाच 'एक' म्हणतो. चिमट्यालगतचा मणी दोनदा मोजला गेला, म्हणून उत्तर एकाने कमी पडलं. "चिमट्याच्या पुढच्या मण्यापासून एक म्हण," एवढं सांगणं त्याला पुरतं. दुसरा त्रेसष्ट म्हणतो. त्याची बेरीज ठीक आहे, पण टप्पे मोजताना बोट चुकलं आणि आठऐवजी नऊ झाले. तिसरी चोपन्न म्हणते. तिला कदाचित छप्पन्नच म्हणायचं असतं. चोपन्न आणि छप्पन्न, एकोणपन्नास आणि एकोणसाठ, हे शब्द तिसरीतल्या कानाला फार जवळचे वाटतात. तिला पाटीवर आकडा लिहायला सांगितलं की कोडं सुटतं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 साली त्रेसष्टबरोबर 'साठ तीन' असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर वाद पेटला होता. पाढा म्हणताना त्रेसष्टच हवं, ठेका त्याच्यावर उभा आहे. पण गोंधळलेल्या मुलीला "साठ आणि तीन, त्रेसष्ट" असं एकदा जोडून म्हणू दिलं, तर आकडा आणि नाव तिच्या मनात एकत्र बसतात.

टप्पे जमले तरी सात आठेसाठी आठ टप्पे घ्यावेच लागतात. ते टाळायला शिकवते ती रांगांची मांडणी, आणि माझ्या मते सगळ्या पाढ्यांचा गाभा हाच आहे. फरशीवर चिंचोके मांडायचे: एका आडव्या ओळीत सात, अशा आठ ओळी. ओळी सरळ हव्यात, नाहीतर एखादीत सहाच पडतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. चौकटीच्या वहीत एका घरात एक ठिपका दिला तर हा धोका राहत नाही. आता पाचव्या ओळीखाली पेन्सिल आडवी ठेवायची. वर पाच ओळी, म्हणजे सात पाचे पस्तीस, हे मुलांना येतंच. खाली तीन ओळी, सात त्रिक एकवीस. पस्तीस आणि एकवीस छप्पन्न. मग तीच पेन्सिल उभी ठेवायची, डावीकडे पाच उभ्या ओळी, उजवीकडे दोन. आठ पाचे चाळीस, आठ दुणे सोळा, पुन्हा छप्पन्न. पेन्सिल कुठेही ठेवली तरी चिंचोके तेवढेच राहतात, हे मुलांनी स्वतः दोन-तीन जागी ठेवून पाहावं. शेवटी वही पाव वळसा फिरवायची. सातच्या आठ ओळी आता आठच्या सात ओळी झाल्या. "आठ साते" वेगळं पाठ करायचं नाही, हे इथे डोळ्यांना दिसतं.

या मांडणीतही एक खोड शिरते. काही मुलं छप्पन्नच्या छप्पन्न चिंचोके एकेक करून मोजतात. उत्तर बरोबर येतं, म्हणून आपण पुढे सरकतो आणि गुणाकार शिकायचा राहून जातो. अशा वेळी ठिपक्यांचा कागद क्षणभर दाखवून झाकावा. दिसले तेवढ्यात मोजणं शक्य नसलं की मूल ओळी पाहायला लागतं. वरच्या पाच ओळी लाल आणि खालच्या तीन निळ्या रंगवल्या, तर ते आणखी सोपं होतं.

म्हणण्याचे खेळ यानंतर, आणि तेही तीन-चार मिनिटंच. त्याहून जास्त लांबले की मागच्या बाकांवर नुसते ओठ हलतात. सातसाठी मला तीन खेळ पुरतात. पहिल्यात वर्ग एकपासून आकडे म्हणतो आणि सातच्या टप्प्यावर आकड्याऐवजी टाळी वाजवतो. दुसऱ्यात दोन गट: एक म्हणतो "सात सक", दुसरा उत्तर देतो "बेचाळीस", आणि विचारणारा गट पाढा उलटसुलट क्रमाने विचारतो. तिसरा सर्वांत उपयोगाचा आहे. पाढा सुरू करायचा सात पाचे पस्तीसपासूनच, आणि एकदा तिथून वर, एकदा खाली जायचं. खाली येताना मुलं अडखळतात, कारण सात वजा करणं त्यांना अवघड जातं. तिथे मणिमाळ पुन्हा हातात द्यावी. एकट्या मुलाला उभं करून घड्याळ लावणं मात्र नको. घाबरलेलं मूल विचार सोडून देतं आणि पुन्हा सात एके सातला जातं.

पाढा खरोखर बसला का, हे मी दोन प्रश्नांनी पाहते. पहिला उलटा: छप्पन्न चिंचोके आहेत, एका ओळीत सात, तर ओळी किती? दुसरा पाढ्याबाहेरचा: सात गुणिले बारा किती? हा कुणी पाठ केलेला नसतो. ज्यांना पेन्सिलची जागा कळली आहे ती मुलं थोडं थांबतात आणि म्हणतात, "सत्तर आणि चौदा, चौऱ्याऐंशी." बाकीची सत्तरपुढे सात-सात मोजू लागतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंचोके काढावे लागतात.