ऑर्डर उशिरा आली तर: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

कराडमध्ये घरी शिवणकाम करणाऱ्या एक ताई डोळ्यांसमोर आणा. जूनमध्ये शाळा उघडतात, त्याआधी गणवेशांचे काम हातात असते. म्हणून त्यांनी २८ मे रोजी ऑनलाइन शिलाई मशीन मागवले आणि ११,५०० रुपये यूपीआयने भरले. ऑर्डर देताना ‘४ जूनपर्यंत मिळेल’ असे दिसत होते. ५ तारखेला ॲपमध्ये ९ जून ही नवी तारीख आली. ९ तारखेला ताई दिवसभर घरी होत्या. फोन आला नाही, कोणी दारातही आले नाही. संध्याकाळी मात्र ॲपवर नोंद पडली: ‘ग्राहक उपलब्ध नव्हते’. हे उदाहरण कल्पित असले, तरी यातले काहीही अनोळखी वाटणार नाही. अशा वेळी बहुतेक जण ज्या समजुतींपायी हात टेकतात, त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत.

गैरसमज: ॲपवरची तारीख हा नुसता अंदाज; ती चुकली म्हणून काही मागता येत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यात नेमकी उलट तरतूद आहे. वस्तू सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचली, तर ती परत घ्यायला किंवा भरलेले पैसे परत करायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. वस्तू सदोष असलीच पाहिजे अशी अट नाही. उशीर हेही स्वतंत्र कारण आहे. अपवाद एकच, माणसाच्या हाताबाहेरच्या आपत्तीचा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता. त्या काळात अडकलेल्या पार्सलसाठी विक्रेत्याला दोष देता येणार नाही. ‘सध्या ऑर्डर खूप आहेत’ हे कारण त्या पंक्तीत बसवणे अवघड आहे.

खरी अडचण वेगळीच असते. नवी तारीख आली की ॲपमधली जुनी तारीख पुसली जाते. ताईंनी १० जूनला ॲप उघडले, तर ४ जूनचा मागमूसही दिसणार नाही आणि मशीनला एकाच दिवसाचा उशीर झाल्यासारखे वाटेल. ऑर्डर पक्की झाल्याचा पहिला ईमेल किंवा एसएमएस म्हणूनच जपून ठेवावा. त्यात तारीख नसेल, तर पैसे भरल्याबरोबर ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा. पुढे तारीख बदलेल तेव्हा पुन्हा एक. ‘ग्राहक उपलब्ध नव्हते’ या नोंदीला उत्तर म्हणजे त्या दिवसाच्या फोनमधल्या कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट. डिलिव्हरीवाल्याचा कॉल आलाच नव्हता, हे त्यातून दिसते. हा पुरावा त्याच दिवशी गोळा करणे सोपे असते. महिन्याभराने तो शोधत बसावे लागते.

गैरसमज: एक तारा देऊन सणसणीत अभिप्राय लिहिला की तक्रार झाली.

अभिप्राय इतर ग्राहकांच्या उपयोगाचा असतो. कंपनीवर त्यातून कोणतीही मुदत लागू होत नाही. मदतकेंद्राच्या चॅटचेही बरेचसे तसेच. ‘२४ ते ४८ तास थांबा’ हे उत्तर तिथे कितीही वेळा मिळू शकते. ही साखळी तुटते ती तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार गेल्यावर. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने असा अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क ॲपवर द्यायलाच हवा. बहुधा ही माहिती अगदी तळाशी, नियम-अटींच्या आसपास सापडते. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे त्याला बंधनकारक आहे. चॅट वाया जात नाही. त्यातला तक्रार क्रमांक पुढच्या पत्रात ‘आधी प्रयत्न केला’ याचा पुरावा ठरतो.

ताईंचे पत्र साधारण असे असावे:

‘ऑर्डर क्रमांक अमुक. २८ मे रोजी शिलाई मशीन मागवले, ११,५०० रुपये यूपीआयने भरले. ऑर्डर देताना सांगितलेली तारीख ४ जून. ५ जूनला ती बदलून ९ जून केली. मला विचारले नाही. ९ जूनला मी दिवसभर घरी होते, कॉल आला नाही, तरी “ग्राहक उपलब्ध नव्हते” अशी नोंद झाली. १० जूनला चॅटवर तक्रार केली, तिचा क्रमांक तमुक; तारीख मिळाली नाही. गणवेशाचे काम आता हातचे जात असल्याने मला मशीन नको. ऑर्डर उशिराच्या कारणाने रद्द करून पूर्ण रक्कम मूळ खात्यात १८ जूनपर्यंत परत करावी. सोबत चार स्क्रीनशॉट.’

यात कंपनीला शिव्या नाहीत आणि मनस्तापाचे वर्णनही नाही. मनस्ताप खरा असतो, पण वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यावरून काय करायचे ते कळत नाही. मागणी एकच आहे, तीही रकमेसह आणि तारखेसह. ‘मशीन लवकर पाठवा नाहीतर पैसे द्या’ असे लिहिले की कंपनी पहिला पर्याय उचलते आणि चक्र पुन्हा सुरू होते. वस्तू अजूनही हवी असेल, तर तसे स्पष्ट लिहावे आणि अमुक तारखेनंतर ती स्वीकारणार नाही हेही सांगावे. ‘मूळ खात्यात’ हे शब्दही महत्त्वाचे, नाहीतर पैसे ॲपच्या वॉलेटमध्ये अडकण्याची शक्यता असते.

ॲपमधून ऑर्डर रद्द करताना कारण विचारतात. घाईत ‘आता गरज नाही’ हा पर्याय निवडला, तर उशिराची गोष्ट नोंदीतून निघून जाते. उशिराचाच पर्याय निवडावा. पैसे परत मागितल्यावरही मशीन दारात आले, तर ते घेऊ नये, ओटीपी देऊ नये आणि परत का पाठवले ते त्याच दिवशी ईमेलने कळवावे.

गैरसमज: विक्रेता वेगळा, ॲप वेगळे, म्हणून ॲपवाल्यांना जबाबदार धरता येत नाही.

विक्रेता अनेकदा खरोखर वेगळा असतो. त्याचे नाव बिलावर असते, आणि नाव-पत्ता दाखवणे ॲपवर बंधनकारक आहे. पत्र दोघांनाही पाठवावे. तक्रार निवारणाच्या त्या मुदती ॲपलाही लागू आहेत.

गैरसमज: एवढ्याशा रकमेसाठी कोर्टकचेरी परवडत नाही, शिवाय ताईंनी मशीन धंद्यासाठी घेतले, म्हणजे त्या ग्राहकच नाहीत.

नफ्यासाठी व्यापारी कामाला घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू होत नाही, हे खरे. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वापरायच्या वस्तूला तो लागू होतो. ताई स्वतः मशीन चालवून घर चालवतात, त्यामुळे त्या ग्राहकच.

महिन्याभरात दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार कंपनीपुढे ठेवून तडजोडीचा प्रयत्न करते. तिथेही अडले, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. विक्रेता दिल्लीचा असला, तरी ताईंना साताऱ्याच्या आयोगात दाद मागता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर आयोगाचे शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही, आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. अर्जासोबत जोडायचे ते वरचेच पत्र, तेच स्क्रीनशॉट आणि कंपनीने काही उत्तर दिले असेल तर तेही.