बॅटरीच्या तळाचा तपकिरी गाळ

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी तपासताना हायड्रोमीटरमध्ये कधीकधी गढूळ, तपकिरी आम्ल चढतं. तो रंग पॉझिटिव्ह प्लेटवरून झडलेल्या लेड डायऑक्साइडचा.

बॅटरी उतरते तेव्हा या लेपाचं लेड सल्फेट होतं आणि ते जवळपास दुप्पट जागा घेतं. चार्जिंगमध्ये पुन्हा आकसतं. रोज अगदी तळापर्यंत उतरवलेल्या बॅटरीत या फुगण्या-आकसण्याने लेप भुसभुशीत होऊन गळतो. गाळ प्लेटांच्या खालच्या कडेला टेकला, की सेल शॉर्ट!

ट्यूब्युलर प्लेटमध्ये शिशाच्या काड्यांभोवतीचा लेप पॉलिस्टरच्या विणलेल्या नळ्यांत कोंडलेला असतो. आम्ल आत जातं, कण सहसा सुटत नाहीत. सपाट प्लेटमध्ये सेपरेटरला जोडलेली काचतंतूंची चटई लेप दाबून धरते.

गळती त्यानेही थांबत नाही, मंदावते. म्हणून रोज तासन्‌तास वीज जाणाऱ्या घरी ट्यूब्युलरच घ्यावी.