भिंतीवरचे पाच मिलिसेकंद

टेनिसचा चेंडू सिमेंटच्या भिंतीवर जोरात मारला की ‘टप्’ असा आवाज येतो आणि तोवर चेंडू परत निघालेलाही असतो. त्या ‘टप्’च्या आत काय घडलं ते डोळ्यांना कधीच दिसत नाही. चेंडू भिंतीला टेकलेला असतो तो सगळा मिळून सुमारे पाच मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तेवढ्यात ताशी ७२ किलोमीटर वेगाने आलेला चेंडू चेपतो, थांबतो, फुगतो आणि उलट्या वाटेला लागतो.

मग त्या क्षणी भिंतीने चेंडूला किती जोराने ढकललं असेल? प्रश्न सोपा वाटतो, पण ‘त्या क्षणी’ या शब्दांतच अडचण आहे. एक क्षण असा नाहीच. बल शून्यापासून चढत जातं, माथा गाठतं आणि पुन्हा शून्यावर येतं. कोणत्या वेळचं बल सांगायचं?

आधी जे नक्की सांगता येतं ते पाहू. टेनिसच्या चेंडूचं वस्तुमान साधारण ५८ ग्रॅम. तो सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ भिंतीवर आला आणि १४ मीटर वेगाने सरळ मागे फिरला असं धरू. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, आणि संवेगाला दिशा असते. इथेच पुष्कळजण फसतात. २० मधून १४ वजा करून ‘वेग ६ ने बदलला’ म्हणतात. पण चेंडू फक्त मंदावलेला नाही, उलटा फिरला आहे. भिंतीकडे जाणारी दिशा धन धरली तर परतीचा वेग उणे १४ होतो, आणि २० पासून उणे १४ पर्यंतचा पल्ला ३४ चा आहे. संवेगातला बदल ०.०५८ गुणिले ३४, म्हणजे १.९७ न्यूटन-सेकंद.

चूक झाली की नाही हे ताडून बघण्याची एक युक्ती आहे. चेंडूऐवजी तेवढ्याच वजनाचा ओल्या मातीचा गोळा भिंतीवर थापला गेला आणि तिथेच चिकटला तर? त्याचा वेग २० वरून शून्यावर येतो, म्हणजे बदल १.१६ न्यूटन-सेकंद. उसळणाऱ्या चेंडूला भिंतीने थांबवलंही आणि वर परत फेकलंही, तेव्हा त्याचा आकडा मातीच्या गोळ्यापेक्षा मोठाच यायला हवा. वजाबाकी करणाऱ्याला ०.३५ मिळतो. तो चूक आहे हे तिथल्या तिथे कळतं.

संवेगातल्या या बदलाला कारण होणारी गोष्ट म्हणजे आवेग: बल आणि ते जितका वेळ लागू होतं तो काळ, यांचा गुणाकार. न्यूटनने १६८७च्या ‘प्रिन्सिपिआ’त दुसरा नियम मांडला तो ‘बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण’ या आपल्या पाठ असलेल्या रूपात नव्हता. गतीतला बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणात असतो, असं त्याचं म्हणणं होतं. एका धक्क्याने एकूण किती बदल घडला, तिकडे त्याची नजर होती. चेंडूच्या बाबतीत आपल्यालाही तेच हवं आहे.

आता बल बदलत असताना ‘बल गुणिले वेळ’ करायचं कसं? पाच मिलिसेकंदांचे इतके बारीक तुकडे करायचे की एका तुकड्यात बल जवळपास तेच राहील. प्रत्येक तुकड्यात बलाला त्या छोट्या काळाने गुणायचं आणि सगळे गुणाकार मिळवायचे. आलेखावर आडवा अक्ष वेळेचा आणि उभा बलाचा घेतला, तर असा प्रत्येक गुणाकार म्हणजे एक अरुंद, उभा पट्टा. सगळे पट्टे शेजारी शेजारी ठेवले की वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ भरून निघतं. मला या बाबीचं नेहमी नवल वाटतं. कागदावरच्या एका आकाराचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये न येता न्यूटन-सेकंदात येतं, आणि ते मोजलं की चेंडू किती वेगाने परतणार ते कळतं.

प्रत्यक्षात असा आलेख मिळवायला भिंतीवर क्वार्ट्झसारख्या पीझोइलेक्ट्रिक स्फटिकाची पट्टी बसवतात. स्फटिक दाबला गेला की त्याच्यावर दाबाच्या प्रमाणात विद्युतप्रभार येतो. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस यांनी १९९०च्या दशकात अशाच पट्ट्यांवर टेनिसचे, गोल्फचे, बेसबॉलचे चेंडू उसळवून आलेख काढले. टेनिसच्या चेंडूचा आलेख डावी-उजवी सारखी अशी नीटस कमान नसतो. सुरुवातीला तो झपकन चढतो, कारण रबराचं कवच आधी ताठ असतं. मग कवच आत दबतं आणि चढ मंदावतो.

आपल्या चेंडूसाठी असाच एक आलेख कल्पू. आलेखाच्या कागदावर एक चौकोन आडवा अर्धा मिलिसेकंद आणि उभा १०० न्यूटन. मग एका चौकोनाची किंमत ०.०५ न्यूटन-सेकंद. पाच मिलिसेकंदांचे दहा उभे पट्टे होतात. प्रत्येकात वक्ररेषेखाली किती चौकोन येतात ते डावीकडून मोजू: २.५, ४.८, ५.६, ६, ६.१, ५.६, ४.३, २.७, १.४ आणि ०.४. बेरीज ३९.४. तिला ०.०५ ने गुणलं की १.९७. वेगांवरून काढलेला आकडा आणि चौकोन मोजून आलेला आकडा जुळले.

आता सरासरी बलाचा अर्थही डोळ्यांपुढे उभा राहतो. वक्ररेषेखालच्या आकाराइतक्याच क्षेत्रफळाचा, तेवढ्याच पाच मिलिसेकंदांच्या पायावर, सपाट माथ्याचा आयत काढायचा. त्याची उंची म्हणजे सरासरी बल: १.९७ भागिले ०.००५, साधारण ३९४ न्यूटन. म्हणजे ४० किलो वजनाचा भार, आणि तो ५८ ग्रॅमच्या चेंडूवर! चेंडूच्या स्वतःच्या वजनाच्या हे जवळजवळ ७०० पट आहे. माथ्यावर तर बल ६०० न्यूटनच्या वर जातं. सरासरीवरून माथा सांगता येत नाही, त्यासाठी आकार माहीत हवा. आलेख सरळ त्रिकोणी असता तर माथा सरासरीच्या बरोबर दुप्पट आला असता.

मोजणाऱ्याला इथे एक फरक जपावा लागतो. उपकरण सेकंदाला हजारच नोंदी घेत असेल तर अख्ख्या टप्प्याचे चार-पाच बिंदू मिळतात आणि माथा दोन बिंदूंच्या मध्ये हरवून जातो. दणक्याने पट्टी स्वतःच थरथरली तर वक्ररेषेवर खोट्या लाटा उमटतात आणि माथा फुगलेला दिसतो. क्षेत्रफळ मात्र अशा लाटांना फारसं बधत नाही, कारण लाट जितकी वर जाते तितकीच खाली येते. म्हणून जाणकार आधी क्षेत्रफळ काढतो आणि ते व्हिडिओवरून मोजलेल्या वेगांशी जुळतं का ते पाहतो. माथ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्यानंतर.

पण त्या आलेखात याहून सुंदर एक गोष्ट आहे. डावीकडून चौकोन मिळवत जा. प्रत्येक टप्प्यावर आतापर्यंतच्या क्षेत्रफळाला चेंडूच्या वस्तुमानाने भागलं की भिंतीने किती वेग काढून घेतला ते कळतं. पहिल्या पट्ट्यानंतर चेंडूचा वेग २० वरून १७.८ झाला. दुसऱ्यानंतर १३.७, तिसऱ्यानंतर ८.९, चौथ्यानंतर ३.७. पाचव्या पट्ट्यात, साधारण २.३५ मिलिसेकंदांवर, बेरीज २३.२ चौकोनांवर पोचते, आणि तिथे वेग शून्य! चेंडू त्या घडीला भिंतीवर स्थिर आहे. तोवरच्या वेगांवरून हिशेब केला तर तो सुमारे २.७ सेंटिमीटर चेपलेला आहे. त्याचा व्यास ६.७ सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यामानाने हे खूप झालं.

त्या जागी आलेखावर एक उभी रेघ मारा. डावीकडे २३.२ चौकोन, थांबवण्याचे. उजवीकडे १६.२ चौकोन, परत फेकण्याचे. मातीच्या गोळ्याला डावा भागच मिळाला असता, २३.२ चौकोन म्हणजे तेच १.१६. आता उजव्या भागाला डाव्याने भागा: ०.७. आणि परतीचा वेग भागिले येतानाचा वेग, १४ भागिले २०? तेही ०.७. चेंडूत किती उसळी आहे हे त्या रेघेच्या दोन बाजूंच्या क्षेत्रफळांतच लिहिलेलं असतं. चेंडू जुना, मऊ पडला की उजवा भाग आटतो.

एक प्रश्न मात्र उरतो. सरासरी पाच मिलिसेकंदांवरच का काढायची? भिंतीवर दर सेकंदाला असा एक चेंडू आदळत राहिला आणि सरासरी पूर्ण सेकंदावर काढली, तर ती २ न्यूटनसुद्धा भरत नाही. सेकंदाला २०० चेंडू आले की एकाचे पाच मिलिसेकंद संपता संपता दुसऱ्याचे सुरू होतात आणि सरासरी ३९४ वर जाते. याहून जास्त आले तर आकार एकमेकांवर चढू लागतात, मधल्या खाचा बुजत जातात आणि आलेख सपाट रेषेकडे झुकतो. भिंतीला आता टप्पे जाणवत नाहीत, एकसारखा रेटा जाणवतो.

असा रेटा त्या भिंतीवर आताही आहे. डॅनिएल बर्नुली याने १७३८ मध्ये ‘हायड्रोडायनॅमिका’ या ग्रंथात हेच सांगितलं होतं, की हवेचा दाब म्हणजे असंख्य सूक्ष्म कणांचे टप्पे. समुद्रसपाटीवर भिंतीच्या एका चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला हवेच्या रेणूंचे सुमारे ३ वर २३ शून्यं इतके आघात होतात, आणि सगळ्यांची सरासरी येते सुमारे १० न्यूटन. रेणू आणि भिंत यांचं तापमान सारखं असेल तर रेणू सरासरीने आले त्याच वेगाने परततात, म्हणजे रेघेच्या दोन बाजू सरासरीने समान असतात. भिंत उन्हाने तापलेली असेल तर तिच्यावरून परतणारे रेणू आले त्यापेक्षा सरासरीने जास्त वेगाने निघतात. त्यांच्या आलेखात उजवा भाग डाव्याहून मोठा असतो, आणि ते कोणत्याही टेनिसच्या चेंडूला जमत नाही.